मलपृष्ठावर कुठे थांबायचं?

*माझी पहिली रहस्यकादंबरी दोन महिन्यांत छापायला जाते आहे. शीर्षक आणि मलपृष्ठावरचा मजकूर मीच लिहावा असं प्रकाशकांचं म्हणणं आहे. पहिला मसुदा धाकट्या भावाला दाखवला, तर कादंबरीचं एकही पान न वाचता त्याने शेवट सांगून टाकला. घाबरून दुसरा लिहिला, तर प्रकाशक म्हणाले, "यात गोष्टच नाही. हे वाचून पुस्तक कोण उघडणार?" दोन्ही मसुदे आणि कादंबरीचा सारांश सोबत पाठवते आहे. कृपा करून कलाटणी तेवढी सदरात छापू नका.*
*– एक धास्तावलेली लेखिका*

सप्रेम नमस्कार.

तुमची गोष्ट इथे उघड करणार नाही. पण नुसतं 'सूचक लिहा' म्हणून पत्र संपवण्यात काही अर्थ नाही, म्हणून तुमच्या कादंबरीच्या जागी तिच्याच घडणीची एक दुसरी गोष्ट बेतते. ती कुठेही छापलेली नाही, त्यामुळे तिचा शेवट मी बिनधास्त फोडू शकते. तुम्ही वाचताना मनात आपली पात्रं बसवत जा.

गोष्ट अशी. डोंगरापलीकडच्या एका वस्तीत जमिनीची मोजणी करायला आलेल्या माणसाचा खून होतो. आरोपी आहे एक म्हातारा मेंढपाळ. त्याला फक्त त्या वस्तीची भाषा येते आणि न्यायालयात ती भाषा कळणारी एकच व्यक्ती आहे, दुभाषी नंदिनी. म्हाताऱ्याची साक्ष अकरा दिवस चालते. नंदिनीच आपल्याला गोष्ट सांगते आहे, म्हणजे म्हातारा जे काही बोलतो ते न्यायालयाला आणि वाचकाला तिच्याच तोंडून कळतं. कादंबरी २४० पानांची आहे. १८१व्या पानावर कळतं की म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी खुन्याचं नाव सांगितलं होतं. ते नाव नंदिनीच्या भावाचं होतं, आणि तेव्हापासून ती त्याची उत्तरं बदलून सांगते आहे.

आता तुमच्या पहिल्या मसुद्याचा साचा या गोष्टीवर चढवते. नावं सोडली तर वाक्यांची ठेवण तुमचीच आहे.

> फितूर
> नंदिनी ही एक प्रामाणिक दुभाषी. खुनाच्या खटल्यात एका म्हाताऱ्या मेंढपाळाची साक्ष ती न्यायालयापर्यंत पोचवते. पण ती जे सांगते आहे ते खरं आहे का? तिच्या भूतकाळात असं काय दडलं आहे? ज्या व्यक्तीवर सगळं न्यायालय विसंबून आहे, तीच विश्वासघात करत असेल तर? शेवटच्या पानापर्यंत खिळवून ठेवणारी, अनपेक्षित कलाटणी घेणारी थरारक कादंबरी!

तुमचा भाऊ फार हुशार आहे असं समजू नका. हे वाचून कुणीही ओळखलं असतं. यात शेवट सांगणारं एकही वाक्य नाही, सगळे प्रश्नच आहेत, आणि घोळ तिथेच आहे. 'ती खरं सांगते आहे का?' असं मलपृष्ठ विचारतं तेव्हा वाचकाला उत्तर मिळालेलंच असतं. ती खरं सांगत असती तर असा प्रश्न विचारायचं कारणच नव्हतं. ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच असतं, असा प्रश्न मलपृष्ठावर आला की वाचक त्यातलं जास्त चमचमीत उत्तर धरून चालतो, आणि ते बहुधा बरोबरच निघतं. माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत रहस्य फुटतं ते सर्वांत जास्त या प्रश्नचिन्हापाशी. लेखकाला वाटतं, आपण काही सांगितलं नाही, फक्त विचारलं.

दुसरी गळती 'प्रामाणिक' या शब्दात आहे. गोष्टीत प्रामाणिकपणाचा प्रश्नच नसता तर हे विशेषण कशाला आलं असतं? वाचकाला तेवढं पुरतं. आज्ञाधारक मुलगा, आदर्श जोडपं, विश्वासू नोकर, ही सगळी विशेषणं मलपृष्ठावर उलटीच वाचली जातात. पात्राचं गुणवर्णन काढा, त्याचं काम तेवढं ठेवा. 'दुभाषी नंदिनी' एवढं पुरे.

तिसरी गळती म्हणजे 'अनपेक्षित कलाटणी'. ती काय आहे हे न सांगता, ती आहे एवढं सांगितलं तरी तिची धार जाते. वाचक पहिल्या पानापासून पहारेकरी होऊन बसतो आणि प्रत्येक पात्राची झडती घेत वाचतो. शिवाय या शब्दांनी काही विकलंही जात नाही, कारण शेजारच्या दहा पुस्तकांवर तेच लिहिलेलं असतं. जाता जाता सांगते, मलपृष्ठावरच्या अशा मजकुराला इंग्रजीत 'ब्लर्ब' म्हणतात, आणि हा शब्दच मुळी थट्टेतून आला आहे. जेलेट बर्जेस या अमेरिकी विनोदी लेखकाने १९०७ साली आपल्या पुस्तकाच्या वेष्टनावर तोंडाशी हात धरून ओरडणारी एक बाई छापली आणि तिला 'मिस बेलिंडा ब्लर्ब' असं नाव दिलं. वेष्टनांवरच्या आरडाओरड्याची ती टिंगल होती. पुढे टिंगल मागे पडली आणि नाव तेवढं राहिलं.

तुमचा दुसरा मसुदा फार वेळ घेत नाही. त्याची ठेवण अशी: 'सत्य म्हणजे काय? भाषा माणसांना जोडते की तोडते? न्याय आणि नाती यांच्या संघर्षाची एक अंतर्मुख करणारी कथा.' इथे काही फुटत नाही, कारण इथे काही नाहीच. माणूस नाही, जागा नाही, घटना नाही. तुमचे प्रकाशक बरोबर बोलले. आणि गंमत बघा, 'नाती' हा शब्द तरीही निसटलाच. खुनाच्या खटल्यात नात्यांचा संघर्ष कुठून आला, असं म्हणत चाणाक्ष वाचक तिथे बोट ठेवेलच.

मग लिहायचं काय? कलाटणीच्या गोष्टीत दोन प्रश्न असतात. एक वरचा, एक आतला. वरचा प्रश्न पुस्तक स्वतःच वाचकाच्या हातात देतं आणि कलाटणीपर्यंत वाचक तोच सोडवत बसतो. आपल्या गोष्टीत तो प्रश्न असा: ज्याचं बोलणं कुणालाच कळत नाही, तो म्हातारा या खटल्यातून सुटणार कसा? आतला प्रश्न म्हणजे नंदिनी काय करते आहे. तो १८१व्या पानावर अचानक वर येतो आणि वरचा प्रश्न गिळून टाकतो. मलपृष्ठाने फक्त वरचा प्रश्न विकायचा. तुमच्या पहिल्या मसुद्याने आतला विकला, दुसऱ्याने एकही नाही.

इथे एक कडू गोष्ट सांगते. कधीकधी लेखक म्हणतात, "पण वरच्या प्रश्नात दम नाही हो, सगळी मजा कलाटणीतच आहे." तसं असेल तर दुखणं मलपृष्ठाचं नाही, कादंबरीचं आहे. १८० पानं वाचक कशाच्या जोरावर वाचणार? तुमच्या बाबतीत मात्र ही भीती नको. सारांशात पहिल्या चार प्रकरणांत जो पेच दिसतो तो चांगला घट्ट आहे. तुम्ही तो मसुद्यात घेतलाच नाहीत, कारण तुमचं सगळं लक्ष शेवटाकडे आहे. पुस्तक लिहिणाऱ्याचं हे होतंच. दोन वर्षं जे गुपित सांभाळलं तेच आपल्याला सर्वांत मोलाचं वाटत राहतं.

थांबायचं कुठे, यासाठी मी एक साधा उपाय करते. हस्तलिखिताच्या पहिल्या चतुर्थांशावर खूण करते. २४० पानांत ते साठावं पान झालं. त्याच्या पुढचं काहीही मलपृष्ठावर घ्यायचं नाही. मग त्या साठ पानांत अशी जागा शोधायची, की जिच्यानंतर मुख्य पात्राला मागे फिरता येत नाही. मजकूर तिथपर्यंत न्यायचा आणि सोडायचा. आपल्या गोष्टीत ती जागा म्हणजे साक्षीचा पहिला दिवस, समजा बेचाळिसावं पान. ही खूण दुसऱ्याही कामाची आहे. तुमची कलाटणी जर त्या पहिल्या चतुर्थांशातच असती, तर ती कलाटणी नव्हे, ती गोष्टीची सुरुवात. नंदिनी पन्नासाव्या पानावरच उत्तरं बदलते आणि उरलेलं पुस्तक ती पकडली जाते का यावर चालतं, असं असतं तर मी म्हटलं असतं, खुशाल सांगा. लपवलंत तर पुस्तक कशाबद्दल आहे हेच वाचकाला कळणार नाही.

आता सर्वांत अवघड भाग. मलपृष्ठाने खोटंही बोलायचं नाही. हे नीतीचं प्रवचन नाही, व्यवहार आहे. कलाटणीचं पुस्तक संपलं की बहुतेक वाचक ते उलटं करून मागचा मजकूर पुन्हा वाचतात. तिथे एक जरी वाक्य धडधडीत खोटं निघालं तर लेखकाने चकवलं असं न वाटता फसवलं असं वाटतं, आणि वाचक तसं लोकांना सांगतो. म्हणून प्रत्येक वाक्य दोनदा खरं असलं पाहिजे, शेवट माहीत नसतानाही आणि कळल्यावरही. दुसऱ्या वेळी त्याचा अर्थ पालटला तर उत्तमच.

यासाठी मी मसुदा दोन वेळा वाचते, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन आणि शेवट डोळ्यांपुढे ठेवून. नंदिनीचा माझा पहिला प्रयत्न इथेच अडकला होता. मी लिहिलं होतं: 'पहिल्या प्रश्नाला म्हातारा बराच वेळ उत्तर देतो. नंदिनी ते उत्तर न्यायालयाला सांगते.' ऐकायला निर्दोष, पण दुसरं वाक्य खोटं आहे. नंदिनी ते उत्तर सांगत नाही, दुसरंच सांगते. मग दुरुस्त केलं: 'नंदिनी न्यायालयाकडे वळते आणि बोलू लागते.' हे दोन्ही वेळा खरं आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला यात काहीच खटकत नाही, मधली फट तो स्वतःच भरतो. शेवट माहीत असलेल्याला मात्र ती फट दिसते. बहुतेक वेळा युक्ती हीच असते. पात्राच्या मनातलं किंवा कृतीचा अर्थ सांगू नका, बाहेरून दिसणारी कृती तेवढी सांगा. 'ती त्याला वाचवू पाहते' हा अर्थ झाला, 'ती त्याच्या शेजारी उभी राहते' ही कृती झाली.

पूर्ण मजकूर असा झाला:

> शब्दशः
> डोंगरापलीकडच्या एका वस्तीत मोजणीदाराचा खून झाला आहे. आरोपी आहे एक म्हातारा मेंढपाळ. तो जी भाषा बोलतो ती न्यायाधीशांना येत नाही, सरकारी वकिलाला येत नाही, त्याच्या स्वतःच्या वकिलालाही येत नाही.
> ती येते नंदिनीला. लहानपणी चार वर्षं ती त्या वस्तीत राहिली होती. शब्द न् शब्द भाषांतरित करण्याची शपथ घेऊन ती म्हाताऱ्याच्या शेजारी उभी राहते.
> पहिल्या प्रश्नाला म्हातारा बराच वेळ उत्तर देतो. नंदिनी न्यायालयाकडे वळते आणि बोलू लागते. ती थांबते तेव्हा म्हाताऱ्याच्या वकिलाने हातातला कागद खाली ठेवलेला असतो.
> साक्षीचे अजून दहा दिवस बाकी आहेत. म्हाताऱ्याला वाचवू शकेल असं काही असेलच, तर ते त्याच्याच तोंडून यायला हवं.

शंभराच्या आसपास शब्द आहेत. मलपृष्ठाला तेवढे पुष्कळ होतात, दीडशेच्या पुढे गेलात तर अक्षर बारीक करावं लागेल. शेवटचं वाक्य बघा. शेवट कळल्यावर ते बोचतं, कारण म्हाताऱ्याला वाचवणारं जे होतं ते त्याच्या तोंडून पहिल्याच दिवशी आलेलं आहे. आणि शपथेचं वाक्य 'ती शब्द न् शब्द भाषांतरित करते' असं नाही, 'शपथ घेऊन उभी राहते' असं आहे. शपथ तिने खरोखरच घेतली.

भावाचा मजकुरात उल्लेखही नाही, हे मुद्दाम. तो कादंबरीत बाराव्या पानापासून आहे, म्हणजे माझ्या चतुर्थांशाच्या हिशेबात बसतो, तरीही नको. मलपृष्ठावर जागा इतकी थोडी असते की तिथे नाव आलेला प्रत्येक माणूस संशयित ठरतो. नंदिनीचं बालपण मात्र घ्यावंच लागलं, नाहीतर तिला ही भाषा आली कुठून, असा प्रश्न उरला असता. सगळे धागे लपवता येत नाहीत. जो धागा नसेल तर गोष्टच उभी राहत नाही, तो ठेवायचा आणि पुढे सरकायचं, त्याच्याभोवती गूढ निर्माण करायचं नाही. 'तिच्या भूतकाळात काय दडलं आहे?' आणि 'लहानपणी चार वर्षं ती त्या वस्तीत राहिली होती' यांतली माहिती जवळपास सारखीच आहे, पण दुसरं वाक्य कुणाच्या लक्षातही राहत नाही.

शीर्षकाचंही तसंच. 'फितूर' ठेवलंत तर पहिल्या पानापासून वाचक फितूर कोण हेच शोधेल, आणि या गोष्टीत फितूर व्हायला माणूस एकच आहे. 'दुभाषी' त्याहून बरं, पण ते दिव्याचा झोत थेट नंदिनीवर टाकतं, शिवाय त्या शब्दातच दुहेरीपणाचा वास आहे. 'मेंढपाळाची साक्ष' हे नाव प्रामाणिकपणे दुसऱ्या माणसाकडे बोट दाखवतं, सुरक्षितही आहे, फक्त थंड आहे. चौथ्या फेरीत 'शब्दशः' सुचलं. पुस्तक हातात घेताना तो दुभाष्याच्या शपथेतला शब्द वाटतो आणि तेवढ्यावर शीर्षक चालून जातं. मिटताना तोच शब्द पुस्तकातला सर्वांत विखारी शब्द होतो. असं शीर्षक बहुधा कादंबरीतच कुठेतरी पडलेलं असतं, एखाद्या संवादात किंवा पात्राच्या कामाच्या भाषेत. हस्तलिखित घेऊन बसा आणि कलाटणीच्या आधीही आलेले आणि नंतरही आलेले शब्द अधोरेखित करा. शीर्षक त्यांच्यात शोधा. जे शब्द फक्त कलाटणीनंतर येतात ते शीर्षकात चालत नाहीत.

'शब्दशः'ची एक अडचण आहे, तीही सांगून टाकते. विसर्गाऐवजी अनेक जण अपूर्णविराम टंकतात. दिसायला सारखं, पण संगणकाला ती दोन वेगळी चिन्हं आहेत, त्यामुळे ऑनलाइन दुकानात शोधणाऱ्याला पुस्तक सापडेलच असं नाही. अशा वेळी विक्रीच्या नोंदीत शोधशब्द म्हणून दोन्ही रूपं घालायला सांगावं लागतं. आणि उपशीर्षक नकोच. 'शब्दशः: एका विश्वासघाताची कहाणी' असं कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. सुचवतात हो, अगदी जाणती माणसंही सुचवतात.

आता आपल्या भाषेचा एक धोका. मराठीत क्रियापद लिंग सांगून जातं, सर्वनामही. माझा स्वतःचा फजितीचा किस्सा आहे. एका कादंबरीत चार संशयित होते, तीन पुरुष आणि एक बाई. मलपृष्ठावर मी मोठ्या झोकात लिहिलं, 'विश्वास टाकावा तरी कुणावर? जिच्यावर टाकला तीच…' तीन टिंबं देऊन आपण काही सांगितलं नाही याचं समाधान मानलं. 'जिच्यावर' आणि 'तीच' यांनी तिन्ही पुरुषांची निर्दोष सुटका केली होती. संपादकांनी वाचलं, मुद्रितशोधकांनी वाचलं, मी तर कितीदा वाचलं. आम्हा सगळ्यांना शेवट माहीत होता, म्हणून कुणालाच दिसलं नाही. छापून आल्यावर एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं, 'मलपृष्ठ वाचले, पुस्तक वाचायची गरज उरली नाही.'

यावर मराठीतच उपायही आहेत. माणूस अनोळखी असेल तर आपण सहज नपुंसकलिंग वापरतो: 'कुणीतरी येऊन गेलं', 'दार कोण वाजवतंय?' हे अगदी नैसर्गिक वाटतं आणि काहीच फोडत नाही. 'व्यक्ती' हा शब्द मुळातच स्त्रीलिंगी, त्यामुळे 'पत्रं पाठवणारी व्यक्ती' लिहिलं तरी ती बाई असल्याचं ठरत नाही. किंवा कर्त्यालाच बाजूला करा: 'पत्र आलं', 'कुलूप तुटलं होतं'. आदरार्थी बहुवचनाकडेही लक्ष ठेवा. एकाच माणसाला आधी 'ते' आणि पुढच्या परिच्छेदात 'तो' म्हटलंत, तर त्याच्याबद्दलचं तुमचं मत बदलल्याचं वाचकाला कळतं. भूतकाळही चुगली करतो. 'तिचा भाऊ शिक्षक होता' हे वाचून निम्मे वाचक भावाला मृत धरतात. मलपृष्ठ शक्यतो वर्तमानकाळातच लिहितात त्याचं हे एक कारण.

तुमची कलाटणी निवेदकाची आहे म्हणून मी तिच्यावर वेळ घालवला. इतर जातींच्या कलाटण्यांचे सापळे वेगळे असतात. दोन नावांची माणसं एकच निघणार असतील तर मलपृष्ठावर त्यांतलं एकच नाव घ्यावं, शेजारी शेजारी ठेवलेली दोन नावं वाचक जुळवून पाहतोच. दोन धागे वेगवेगळ्या काळातले निघणार असतील तर 'त्याच वेळी' आणि 'दरम्यान' हे शब्द खोटे ठरतात. तिथे नवा परिच्छेद करायचा आणि काळाबद्दल गप्प राहायचं.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की एवढा आटापिटा कशाला, शेवट आधी कळला तरी लोकांना गोष्ट आवडते, असं संशोधनच आहे. आहे खरं. कॅलिफोर्नियातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी, लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी, २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शेवट आधी सांगितलेल्या लघुकथा वाचकांना किंचित जास्तच आवडल्या होत्या. पण त्या वाचकांच्या हातात कथा ठेवलेली होती, ती वाचायचं आधीच ठरलेलं होतं. तुमच्या मलपृष्ठापुढचा माणूस अजून काहीच ठरवत नाही आहे. शेवट कळल्यावर पुस्तक किती आवडेल हा त्याचा प्रश्न नाही, पुस्तक उघडायचं की ठेवून द्यायचं हा आहे. शिवाय अशाच प्रयोगांतून नंतर उलटे निष्कर्षही निघाले आहेत, तेव्हा त्या आधारावर आपलं गुपित उधळू नका.

मजकूर नीट झाला तरी रहस्य दुसरीकडून गळतं, त्या जागा छापण्याआधी तपासा. मुखपृष्ठावर ओठांवर बोट ठेवलेली बाई आली तर माझा सगळा मजकूर पाण्यात. अनुक्रमणिकेत 'भावाचं नाव' असं प्रकरण असेल तर प्रकरणांना नुसते आकडे द्या. आणि प्रस्तावना! मान्यवर लेखकाला प्रस्तावना लिहायला दिली की तो मनापासून लिहितो, आणि मनापासून लिहायचं तर शेवटाबद्दल लिहावंच लागतं. ती पुस्तकाच्या शेवटी छापा आणि पुढे फक्त नाव द्या. पाठराखण करणाऱ्यांच्या अभिप्रायांतूनही 'नंदिनीला कधीच विसरू शकणार नाही' हे राहू द्या, 'नंदिनीने मला फसवलं' हे वगळा, कितीही मोठ्या माणसाचं असलं तरी.

शेवटी चाचणी. भावाला दाखवलंत ते योग्यच केलंत, पण 'कसं वाटलं?' विचारून काही हाती लागत नाही. कादंबरी न वाचलेली पाच-सहा माणसं घ्या, शक्यतो रहस्यकथा वाचणारी. शीर्षक आणि मजकूर एकदाच वाचायला द्या, मग कागद काढून घ्या. दोन गोष्टी लिहून मागा: गोष्टीत पुढे काय होईल याचे तीन अंदाज, आणि पुस्तक कशाबद्दल आहे हे एका वाक्यात. अंदाज तीनच हवेत. पहिला सगळ्यांचा सारखाच असतो, तिसऱ्यात माणूस खरा डोकं चालवतो. तिसऱ्या क्रमांकावर एखाद्याने तुमची कलाटणी लिहिली तर घाबरू नका, अट्टल वाचक प्रत्येक पुस्तकात निवेदकावर संशय घेतात. दोघांनी किंवा जास्त जणांनी ती पहिल्याच क्रमांकावर लिहिली, तर त्यांना विचारा की कुठल्या शब्दावरून वाटलं. बहुतेक वेळा ते एकाच शब्दावर बोट ठेवतात. आणि एका वाक्यातलं उत्तर 'काहीतरी खुनाबद्दल आहे' एवढंच आलं, तर तुम्ही पुन्हा दुसऱ्या मसुद्याकडे घसरला आहात.

नवा मसुदा मलाही पाठवा, तुमच्या गोष्टीसाठी उत्सुकता आहेच. पण तो निर्दोष आहे का हे मला विचारू नका. तुम्ही सारांश पाठवलात तेव्हाच मी त्या कामातून बाद झाले.